ऊस पिवळा पडलाय? फवारणीचा पंप भरण्याआधी हा भाग ऐका



आपल्या पॉडकास्टचा नवा भाग आला आहे. विषय तुमच्याच प्रश्नांतून निघालेला आहे. ऑगस्ट सुरू झाला, पावसाने चार दिवस उघडीप दिली की कोल्हापूर जिल्ह्यातून सगळ्यात जास्त एकच प्रश्न येतो : "ऊस पिवळा पडलाय, काय फवारू?" शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल, पन्हाळा, अगदी गगनबावड्यापर्यंत प्रश्नाचे शब्द तेच असतात. उत्तर मात्र प्रत्येक शिवारात वेगळे असू शकते आणि कधीकधी एकाच शेताच्या दोन टोकांना दोन वेगळी उत्तरे निघतात. म्हणून या भागात आम्ही औषधांची यादी दिलेली नाही. पिवळेपणा कशाचा आहे, हे शेतात उभे राहून दहा मिनिटांत कसे ओळखायचे, एवढेच सांगितले आहे.

भाग साधारण वीस मिनिटांचा आहे. घरी बसून ऐकण्यापेक्षा मोबाईल खिशात, खोरे किंवा कुदळ हातात आणि पाय उसाच्या सरीत, अशा अवस्थेत ऐकलात तर जास्त उपयोग होईल. मध्ये दोन ठिकाणी आम्ही "आता थांबा आणि बघा" असे म्हटले आहे. तिथे खरोखरच थांबा.

भागात काय आहे याची झलक म्हणून त्यातलेच एक उदाहरण इथे थोडे सविस्तर देत आहोत.

पंचगंगेच्या काठावर एक एकर खोडवा आहे. जात को ८६०३२. लागणीचा ऊस फेब्रुवारीत तुटला, म्हणजे खोडव्याला आता सहा महिने झाले. जमीन खोल, काळी, मळीची. जुलैअखेर दहा-बारा दिवस पाऊस लागून राहिला, नदीचे पाणी शेताच्या खालच्या अंगाला येऊन गेले. उघडीप झाल्यावर शेतकऱ्याने पाहिले तर नदीकडची बाजू पिवळी आणि शेताच्या मधोमधही पिवळी. दुकानातून फेरस सल्फेट आणि एक विद्राव्य खत आणले, सगळ्या एकरावर जमेल तसे फवारले. आठ दिवसांनी नदीकडची बाजू तशीच होती आणि मधला पट्टा आणखी वाळला होता. पैसे गेले ते गेलेच, पण त्याहून मोठे नुकसान म्हणजे ते आठ दिवस गेले. ते का महाग पडले, हे पुढे कळेल.

आता हेच शेत आपण पुन्हा पहिल्यापासून बघू.

पहिला प्रश्न : पिवळे पान कोणते? शेंड्याचे, पोंग्यातून नुकतेच निघालेले की बुडाकडचे जुने? ही एक गोष्ट नीट पाहिली तरी निम्मे काम होते. नत्र कमी पडले की पीक जुन्या पानातले नत्र ओढून नव्या पानाला देते, त्यामुळे आधी खालची पाने पिवळी पडतात आणि पूर्ण पान सारखे पिवळे होते. लोहाचे उलट आहे. लोह जुन्या पानातून सहज हलत नाही, त्यामुळे टंचाई आली की नवीन पानच फिके निघते. शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळा, असे उभे पट्टे दिसतात. टंचाई वाढली की पान जवळजवळ पांढरे होते. आपल्याकडे याला "केवडा पडला" म्हणतात. केवडा पडलेल्या शेतात शेंडे पिवळे आणि खालची पाने हिरवी, असे चित्र असते. उदाहरणातल्या शेतात नदीकडच्या बाजूला खालची पाने पिवळी होती आणि मधल्या पट्ट्यात वरपासून खालपर्यंत सगळे बेट मरगळून पिवळे पडले होते. म्हणजे केवडा दोन्हीकडे नव्हता. फेरस सल्फेटने काही झाले नाही यात नवल नाही.

दुसरा प्रश्न : पिवळेपणा शेतात कुठे आहे? नदीकडची पिवळी बाजू उताराला, पाणी साचते तिथे, सरळ पट्ट्यात होती. मधला पिवळेपणा मात्र ठिगळासारखा होता. आठ-दहा बेटे एकत्र पिवळी, मग हिरवी, मग पुन्हा एक ठिगळ. पाण्याचा त्रास जमिनीच्या उताराप्रमाणे दिसतो. खतातल्या कमतरता मोठ्या पट्ट्यावर किंवा सगळ्या शेतात सारख्या दिसतात. ठिगळे दिसली की जमिनीखाली कोणीतरी खात आहे, अशी शंका आधी घ्यावी.

तिसरी गोष्ट हाताने करायची आहे. पिवळ्या बेटातला एक ऊस बुडाजवळ धरा आणि सरळ वर ओढा. भागात आम्ही पहिल्यांदा थांबतो ते इथे. निरोगी ऊस असा ओढून निघत नाही. मधल्या ठिगळातले बेट मात्र हलक्या हिसक्याने वर आले, कारण खाली मुळेच नव्हती. शेजारी एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा घेतला. मातीत इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, पिवळसर तोंडाच्या पांढऱ्या अळ्या निघाल्या. एका बेटाखाली तीन, दुसऱ्याखाली चार. ही हुमणी.

नदीकडच्या बाजूचे बेट ओढून निघाले नाही. तिथे खणले तर अळी एकही नाही, पण बारीक मुळ्या काळपट पडलेल्या आणि मातीला कुजका वास. कांड्यांवर जमिनीलगत नव्या पांढऱ्या-गुलाबी मुळ्या फुटलेल्या. जमिनीतली हवा संपली की ऊस अशा वरच्या मुळ्या काढून तग धरतो. हा पाणथळपणाचा पिवळेपणा आहे. मुळे श्वास घेऊ शकत नाहीत, म्हणून जमिनीत नत्र असूनही उचलता येत नाही, आणि पावसात बरेच नत्र वाहून आणि उडून गेलेले असते ते वेगळेच.

एका एकरात दोन आजार निघाले आणि फवारलेले औषध तिसऱ्याच आजाराचे होते.

खालच्या बाजूचा उपाय सोपा आहे, फक्त त्याला धीर लागतो. आधी चर मारून साचलेले पाणी शेताबाहेर काढायचे. वाफसा येईपर्यंत जमिनीतून खत द्यायचे नाही. चिखलात फेकलेला युरिया मुळांना मिळत नाही, तो उडतो, झिरपतो आणि नदीत जातो. वाफसा आल्यावर खोडव्याच्या शिफारशीतला नत्राचा जो हप्ता राहिला असेल तो द्यावा. राहिला नसेल तर १ टक्का युरियाची, म्हणजे १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम, एक फवारणी करून बघावी. पान स्वच्छ असले पाहिजे. पुराचा गाळ पानावर बसलेला असेल तर आधी साध्या पाण्याने तो धुऊन काढावा लागतो. नवीन पाने हिरवी निघू लागली की पीक सावरले असे समजा. खालची पिवळी झालेली पाने पुन्हा हिरवी होत नाहीत, त्यांच्याकडे बघून आणखी खत टाकू नका.

हुमणीची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि भागातला मोठा वेळ तिलाच दिला आहे.

आपण जिला हुमणी म्हणतो ती भुंगेऱ्याची अळी. माळावरच्या, हलक्या ते मध्यम जमिनीत प्रामुख्याने होलोट्रॅकिया सेरेटा ही जात सापडते. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की तिचे तपकिरी भुंगेरे दिवेलागणीला जमिनीतून बाहेर पडतात, कडुलिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर पाला खायला जमतात, तिथेच त्यांचे मिलन होते आणि पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत जातात. माद्या मातीत अंडी घालतात. अंड्यातून निघालेली बारीक अळी आधी कुजके सेंद्रिय पदार्थ आणि तंतुमुळे खाते. दोन वेळा कात टाकून ती तिसऱ्या अवस्थेत गेली की खरे नुकसान सुरू होते, आणि ती वेळ साधारण ऑगस्ट-सप्टेंबरची असते. ऊस पिवळा पडायला लागला की साधारण तीन आठवड्यांत बेट वाळते. उदाहरणातल्या शेतकऱ्याचे आठ दिवस म्हणूनच महाग पडले. वर्षातून या किडीची एकच पिढी होते, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब.

नदीकाठच्या खोल, मळीच्या जमिनीत मात्र दुसरी जात जास्त सापडते, लिकोफोलिस लेपिडोफोरा. कोल्हापूर-सांगली आणि पलीकडे बेळगाव भागातल्या नदीकाठांना ती चांगली माहीत आहे. हा फरक केवळ पुस्तकी नाही. कडुलिंबाच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे, हा मे-जूनमधला उपाय माळावर उत्तम चालतो. नदीकाठची जात मात्र झाडांवर पाला खायला तशी गर्दी करत नाही. "दरवर्षी झाडावर भुंगेरे नसतात, म्हणजे माझ्या रानात हुमणी नाही" असा हिशोब काठावरचा शेतकरी करतो आणि ऑगस्टमध्ये फसतो. काठावरच्या रानात झाड बघून भागत नाही, जमीनच खणून बघावी लागते. आमच्या मते जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात पिवळेपणा दिसायच्या आधीच एकरात आठ-दहा ठिकाणी खणून बघणे, हे त्या हंगामातले सगळ्यात स्वस्त काम आहे. अळी लहान असते, औषध कमी लागते आणि ऊस अजून आत शिरता येईल एवढा असतो.

उदाहरणात ती वेळ निघून गेली होती. मग काय करायचे? पूर्ण एकरावर औषध ओतण्याची गरज नाही. ठिगळे मोजली तर मिळून तीन गुंठे भरली. त्यांच्याभोवतीची हिरवी दिसणारी एक-दोन बेटांची कड धरली तर चार गुंठे. हिरव्या कडेवर उपाय करणे जास्त महत्त्वाचे आहे, कारण अळी वाळलेले बेट सोडून तिकडेच सरकते. आधी पूर्ण वाळलेली बेटे खणून अळ्या हाताने वेचून मारल्या. मजूर लागतो, पण तिसऱ्या अवस्थेतल्या जाड अळीवर औषधाचा परिणाम कमी होतो, तिथे हात औषधापेक्षा खात्रीचा.

उरलेल्या भागासाठी आळवणी. उसातील हुमणीसाठी फिप्रोनील ४० टक्के अधिक इमिडाक्लोप्रीड ४० टक्के हे दाणेदार विद्राव्य मिश्र कीटकनाशक लेबलवर दिलेले आहे. त्याची मात्रा एकरी १७५ ते २०० ग्रॅम, ४०० ते ५०० लिटर पाण्यातून मुळांजवळ. आता गुंठ्याचा हिशोब करा. २०० ग्रॅम भागिले ४० गुंठे म्हणजे गुंठ्याला ५ ग्रॅम, आणि ५०० लिटर भागिले ४० म्हणजे साडेबारा लिटर पाणी. चार गुंठ्यांना २० ग्रॅम औषध आणि ५० लिटर पाणी. १५ लिटरच्या पंपात ६ ग्रॅम टाकायचे, असे साधारण साडेतीन पंप होतात. नोझल काढून धार बेटाच्या बुडाशी सोडायची. पानावर मारून उपयोग नाही.

ही आळवणी वाफशावर करावी, म्हणजे औषध मुळांच्या थरापर्यंत जाते. शेतात पाणी उभे असताना किंवा दोन दिवसांत मोठा पाऊस दिसत असताना करू नये. नदीकाठाला तर हे कटाक्षाने पाळा. ही दोन्ही घटकद्रव्ये मधमाशांना आणि पाण्यातल्या जीवांना घातक आहेत, आणि त्या नदीचे पाणी खालच्या गावात लोक पितात. हातमोजे, बूट, तोंडाला मास्क घालूनच काम करा. खरेदी करताना लेबलवर पीक ऊस आणि कीड हुमणी असे लिहिले आहे का हे वाचून घ्या, आणि पक्के बिल घ्या.

मेटारायझियम ही उपयुक्त बुरशीही भागात आली आहे. ती खोटी नाही आणि जादूही नाही. अळी लहान असताना, जमिनीत ओल असताना, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून बुडाशी दिली तर काम करते. ऑगस्टअखेर बेटे वाळत असताना तिच्यावर भिस्त ठेवली तर निराशा होते, आणि मग तोच शेतकरी पुढच्या वर्षी योग्य वेळीही ती वापरत नाही. जूनमध्ये वापरायची गोष्ट म्हणून तिची नोंद आत्ताच करून ठेवा. आणि ज्या रानात हुमणी सापडली तिथे या खोडव्यानंतर आणखी एक खोडवा ठेवायचा मोह टाळा. ऊस निघाला की खोल नांगरट करा. बगळे आणि कावळे नांगरामागे जे वेचतात, ते आपण पुढच्या वर्षी विकत घेणाऱ्या औषधातून वजा होते.

मग केवडा कधी समजायचा? त्यासाठी आपल्या जिल्ह्याची माती डोळ्यापुढे आणा. पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याकडे काळी, जागोजागी चुनखडीची, सामू ८ च्या वर गेलेली जमीन आहे. तिथे लोह मातीत असते पण अडकून पडते, पिकाला मिळत नाही. पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या तांबड्या जांभ्याच्या मातीचा रंगच मुळी लोहाचा आहे, आणि ती आम्लधर्मी असल्यामुळे ते पिकाला मिळतेही. तिथल्या पिवळ्या उसावर फेरस सल्फेट फवारणे बहुतेक वेळा वाया जाते. तिथे आधी पाण्याचा निचरा, वाहून गेलेले नत्र आणि हुमणी बघा.

पूर्वेकडे शेंड्याला केवडा दिसला तरी लगेच सगळ्या शेतावर फवारू नका. दहा बेटांवर चाचणी घ्या. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट, १० ग्रॅम सायट्रिक आम्ल आणि १०० ग्रॅम युरिया. द्रावण ताजे, फिकट हिरवट असताना वापरा. ते तांबूस झाले तर लोह निकामी झाले, ओतून द्या. आठ दिवसांनी जिथे थेंब पडले तिथे हिरवे ठिपके किंवा पट्टे दिसले तर निदान पक्के. मग बाकीच्या शेतावर फवारा आणि गरजेप्रमाणे आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. काहीच फरक नसेल तर कारण दुसरे आहे आणि तुमचा खर्च एका पंपाचाच झाला.

फवारणी ही तात्पुरती सोय आहे. पुढच्या लागणीला एकरी १० किलो फेरस सल्फेट शेणखतात मिसळून द्या. खत १०० किलो घ्यायचे, ते ओलसर करून आठवडाभर सावलीत मुरवायचे आणि मग सरीत टाकायचे. चुनखडीच्या जमिनीत कोरडे फेरस सल्फेट तसेच फेकले तर ते काही दिवसांतच पुन्हा अडकते. आणखी एक बारकावा म्हणजे चुनखडीच्या रानात पावसाचे पाणी साचले की काही दिवस केवडा आपोआप दिसतो आणि वाफसा आला की आपोआप जातो. अशा वेळी फवारणीला यश आले असे वाटते, पण श्रेय उन्हाचे असते.

दोन गोष्टी ओझरत्या. खोडव्यात एखादेच बेट गवतासारखे असंख्य बारीक, पांढरट फुटव्यांनी भरले असेल तर ती गवताळ वाढ आहे. त्यावर फवारणी नाही, बेट मुळासकट काढून टाका आणि त्या शेतातले बेणे वापरू नका. पोंग्यातली पाने बुडाशी फिकट, चुरगळलेली, पीळ पडल्यासारखी दिसली तर तो पोक्का बोईंग असू शकतो. तो बुरशीचा रोग आहे, त्यावर वेगळा भाग करणार आहोत.

तर भाग ऐकताना हे प्रश्न मनात ठेवा. तुमचे पिवळे पान वरचे की खालचे? पिवळा पट्टा उताराने आहे की ठिगळांनी? ऊस ओढल्यावर हातात आला का? तुमचे रान काठाचे की माळाचे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपण गृहीत धरतो, पण एकाच गटनंबरात दोन्ही प्रकारची जमीन असलेले शेतकरी आपल्याकडे कमी नाहीत.

कृषी सहाय्यक आणि कारखान्यांच्या शेती विभागातले कर्मचारी, चिटबॉय यांना एक विनंती. गावात बैठक घेणार असाल तर हा भाग सभागृहात लावण्यापेक्षा दहा-बारा जणांना एका पिवळ्या प्लॉटवर न्या, तिथे फोनवर लावा आणि एक बेट सगळ्यांसमोर उपटा. अळी ओळखायची अडचण आली किंवा माती तपासायची असेल तर कोल्हापुरातील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राचा सल्ला घेता येतो. अळी नेताना ती थोड्या ओल्या मातीसह डब्यात न्या, झाकणाला भोके पाडा. पिशवीत चिरडलेली अळी ओळखणे अवघड जाते.

ऐकून झाल्यावरही शंका उरली तर आम्हाला प्रश्न पाठवा, पण "ऊस पिवळा आहे" एवढेच नको. तीन फोटो हवेत : एक शेंड्याच्या पानाचा जवळून, एक उपटलेल्या बेटाच्या मुळांचा आणि एक बांधावरून सगळ्या शेताचा. सोबत लिहा, लागण की खोडवा, किती महिन्यांचा, शेवटचे खत कधी दिले आणि शेत नदीपासून किती लांब. पुढच्या भागात त्यातले काही प्रश्न घेऊ.